हप्ता भरतोय, मग बाकी वाढते कशी?

“गृहकर्जाचा दर वाढला तरी हप्ता वाढवू नका, बँक लुटते. हप्ता तोच ठेवा, फार तर मुदत थोडी वाढेल. हप्ता वेळेवर जातोय ना, मग कर्ज कमी होतंच. सिबिलपण चांगला राहतो.”

आमच्या दाजींनी हे घरच्या ग्रुपवर टाकलं, वर अंगठा. पाचगावच्या फ्लॅटचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस! म्हणून आधी तिसरं वाक्य घेतो, कारण घात तिथंच आहे.

हप्त्यातून बँक आधी व्याज कापते, उरलं तरच मुद्दल फिटतं. समजा 2021 मध्ये पावणेसात टक्क्यांनी, 25 वर्षांसाठी कर्ज घेतलं. बाकी 30 लाख, हप्ता 20,700. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, 4 वरून साडेसहावर गेला आणि त्याला जोडलेल्या या कर्जाचा दर सव्वानऊ झाला. आता महिन्याचं व्याजच 23,125. म्हणजे हप्ता वेळेवर भरूनही 2,425 कमी पडले. ते मुद्दलात जमा होतात आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यावरही व्याज लागतं. वर्षभरात 2,48,400 रुपये भरले आणि बाकी किती? सुमारे 30 लाख 30 हजार. थकबाकीची नोटीस नाही, बँकेचा फोन नाही.

सिबिलचं खरं आहे. ठरलेला हप्ता वेळेवर गेला की नोंद स्वच्छच राहते, म्हणून तर कुणाला पत्ता लागत नाही.

‘मुदत थोडी वाढेल’? या उदाहरणात दर साधारण 8.28 टक्क्यांवर गेला की हप्ता नुसत्या व्याजालाच पुरतो. त्यापुढं मुदत शंभर वर्षं केली तरी कर्ज फिटणार नाही.

बँकांबद्दलचा राग मात्र अगदीच फुकाचा नाही. न विचारता मुदत लांबवल्याच्या तक्रारी होत्याच. म्हणून रिझर्व्ह बँकेनं 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात सांगितलं, की बदलत्या दराच्या कर्जात मुदत वाढवल्यामुळं बाकी वाढत जाता कामा नये. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ग्राहकाला निवडता आलं पाहिजे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, तिथं करारच नीट वाचायला लागतो.

दाजी, खातेउताऱ्यात व्याजाची नावे रक्कम आणि हप्त्याची जमा रक्कम शेजारी ठेवून बघा. व्याज मोठं असेल तर हप्ता वाढवायला शाखेत लेखी अर्ज द्या. हप्ता वाढवायचा नसेल तर मुद्दलात एकरकमी भरा. वरच्या हिशेबात 20,700 रुपये साधारण 26 लाख 85 हजारांच्याच व्याजाला पुरतात, म्हणजे नुसती वाढ थांबवायलाच 3 लाख 15 हजारांच्या आसपास लागतील.