२००० डॉलरमधले ४,७३४ रुपये

ग्राहकाचा अभिप्राय: "२००० डॉलरचं बिल होतं, खात्यात १,६५,२६६ रुपये आले. त्या दिवशी डॉलर ८५ ला होता. वर परदेशातून पैसे आल्याच्या सर्टिफिकेटवर भलताच कोड, आणि दुरुस्तीला दोन महिने. मग फी कशाची घेता?"

आमचं उत्तर:

नमस्कार सर. पैसे कशाचे ते सांगणाऱ्या कोडची चूक आमची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. 'हे पैसे कशाचे?' असं विचारणारा बँकेचा मेल तुम्ही त्याच दिवशी आम्हाला पाठवलात, आणि तो आमच्या कर्वे रस्त्यावरच्या ऑफिसात तीन दिवस पडून राहिला. पैसे पाठवणारे अनिवासी भारतीय, तेही वैयक्तिक खात्यातून. उत्तर न मिळाल्यानं बँकेनं P1301 लावला. हा कोड अनिवासी भारतीयानं घरखर्चाला आणि बचतीला पाठवलेल्या पैशांचा. तुमचं काम वेबसाइटचं, म्हणजे कोड हवा होता P0802, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा.

ही नुसती कागदावरची बाब नाही. को-वर्किंगच्या भाड्यावर भरलेला जीएसटी परत मागायचा, तर सेवा निर्यात केली आणि परकीय चलन आलं याचा पुरावा म्हणून हेच सर्टिफिकेट जोडावं लागतं. त्यावर 'घरखर्च' असेल तर अधिकारी ते निर्यातीचे पैसे मानणार नाही. दुरुस्तीसाठी इनव्हॉइस, करारपत्र आणि तुमच्या सहीचं पत्र बँकेला दिलंय. बँक आपली नोंद बदलेल, मगच नवं सर्टिफिकेट देईल. या कामाची फी आम्ही घेणार नाही.

पैसे कमी आले त्याचं कारण मात्र वेगळं. पैसे पाठवताना बँका एकमेकींना धाडतात त्या स्विफ्ट संदेशाची प्रत बँकेकडून मागवली. त्यात खर्चाच्या रकान्यात SHA लिहिलंय, म्हणजे खर्च दोघांत वाटून. त्यामुळे मधल्या बँकेनं २५ डॉलर कापून घेतले आणि इथे १,९७५ पोचले. ते तुमच्या बँकेनं ८३.८० नं बदलले. बाजारभावापेक्षा डॉलरमागे १ रुपया २० पैसे कमी. खरी मोठी कात्री इथे लागली, २,३७० रुपयांची, आणि ती 'चार्जेस'मध्ये कुठेच दिसत नाही, कारण ती दरातच मुरलेली असते. चलन बदलण्यावरचा जीएसटी अवघा २३९ रुपये. २५ डॉलरचे २,१२५ धरले की तुमचे ४,७३४ जुळतात.

पुढच्या बिलावर P0802 आणि कामाचं वर्णन छापा. क्लायंटला पाठवताना OUR निवडायला सांगा, म्हणजे मधला खर्च त्याच्याकडे राहील. आणि रक्कम बदलण्याआधी शाखेत फोन करून शाखेच्या तक्त्यावरचा कार्ड रेट नको, बाजारभावाच्या जवळचा ट्रेझरीचा रेट द्या, असं मागा. शाखा दर वेळी ऐकेलच असं नाही, पण न मागता तो मिळत नाही.

शनिवारी अकरानंतर ऑफिसला या, बँकेला दिलेल्या पत्राची पोच दाखवतो.