व्यवसाय : काही नाही

आज सकाळी साडेआठला आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर फोटो पडला. नाक्यावरचा रस्ता, एकदम स्वच्छ, खाली 'अखेर मोकळा श्वास' आणि टाळ्यांचे तीन हात. काल नाक्यावरून सगळ्या मासेवाल्या, भाजीवाल्या, शहाळीवाले उचलले, टोपल्या गाडीत टाकून नेल्या. ठीक आहे, फोटो बघून मी गप्प बसले असते. पण खाली एका काकांनी (रिटायर्ड, पेन्शन चालू, माणूस वाईट नाही) लिहिलं, "ही अनुत्पादक माणसं आहेत, काम मिळत नाही म्हणून टोपली घेऊन बसतात, अर्थव्यवस्थेत यांचं योगदान शून्य."

शून्य! काका, बांगडा तुमच्या ताटात चालत येतो का हो?

ग्रुपवर उत्तर टाइप केलं आणि खोडलं, कारण सासरेही त्याच ग्रुपवर आहेत. म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जा.

२००६ साली मी एम.ए. समाजशास्त्र करत होते, आणि प्रोजेक्टसाठी नाक्यावरच्या विक्रेत्यांचे फॉर्म भरत होते. पहिलाच फॉर्म आमच्या मावशीचा. सख्खी मावशी नव्हे, आमच्या घरी मासे देणारी, आईला 'वयनी' म्हणणारी. फॉर्ममध्ये रकाना होता, 'व्यवसाय'. मी विचारलं, मावशी काय करतेस? तर टोपलीवरचं गोणपाट सारखं करत म्हणते, "मी काय करत नाय गो बाय, मासे इकते." आणि मी काय लिहिलं असेल? 'व्यवसाय : काही नाही'. खरं सांगते, तिच्यासमोर बसून लिहिलं, तिच्या हातात कोयता, समोर बांगडे, आणि मी लिहितेय काही नाही!

सरांनी फॉर्म बघितला, लाल पेनाने त्या दोन शब्दांभोवती गोल केला आणि म्हणाले, एक अख्खा दिवस तिच्याबरोबर बस आणि मग ये.

तर बसले. दिवस आदल्या दिवशी दुपारी चारलाच सुरू झाला, हर्णै बंदरावर. ज्यांनी तिथला लिलाव बघितलाय त्यांना माहितीये, होड्यांतून माल किनाऱ्यावर येतो, वाळूत ढीग लागतात, लिलाव करणारा ओरडत असतो आणि बायका डोळ्यांनी मोजत असतात. वजनकाटा नाही काही नाही. मावशीने आणि अजून दोघींनी मिळून बांगड्याचा एक ढीग घेतला १५०० ला, कारण एकटीला तो झेपत नाही आणि लिलावात अर्धा ढीग मिळत नाही. वाटून प्रत्येकीला ५०० चा माल, साधारण सव्वाशे बांगडे. पैसे उद्या संध्याकाळी द्यायचे, म्हणजे एका दिवसाची उधारी, तीही तोंडी, आणि ती बुडवली तर परत लिलावात उभं राहता येणार नाही. मग बर्फ ३० चा, टेम्पोत टोपलीचे आणि तिचे मिळून २५, सकाळी बाजारपावती ५. झाले ५६०.

सकाळी सातपासून ३० ला ४. दहापर्यंत ८० गेले, ६०० झाले. त्यातले १५० उधार, आमच्यासारख्या घरांकडे, महिना संपला की देऊ वाले. दहानंतर ऊन चढलं तशी ती घाई करायला लागली. मी म्हटलं भाव कशाला पाडतेस, तर तिने एका बांगड्याचा कल्ला उचकटून दाखवला, आता लाल आहे, तासाभराने तपकिरी होईल, आणि पोटाला बोट लावलं की खड्डा राहील. बांगड्याला बर्फ सुटला की संपलं, तसला खाल्ला की अंगाला खाज उठते, तोंड लाल होतं, हे तिला कुठल्या पुस्तकात वाचायची गरज नव्हती. मग ३० बांगडे खानावळवाल्याला ४ रुपयांनी, म्हणजे खरेदीच्या भावात. आले १२०. उरले १५, त्यातले काही घरी कालवणाला आणि बाकी मिठात.

आता हिशोब करा. आले ७२०, गेले ५६०, कमाई १६०. पण ७२० मधले १५० वहीत आहेत! म्हणजे दुपारी तिच्या हातात उरले १० रुपये. दहा. बाकीची कमाई आमच्या कपाटात. पगारदार लोक महिनाअखेरीस तिच्या पैशावर मासे खात होते आणि तिच्याबद्दल म्हणत होते की बिचारी, काठावर जगते.

इथेच माझं डोकं फिरतं. 'काठावरची', 'सीमांत', 'परिघावरची' हे शब्द. ऐकायला दयाळू वाटतात पण त्यात सांगितलेलं असतं की मुख्य गाडा दुसरीकडे चाललाय आणि हे लोक बाजूला पडलेत, गाडा वेगाने चालला की आपोआप आत ओढले जातील. १९५०-६० च्या दशकात भलेभले असंच समजायचे. मग कीथ हार्ट नावाचा ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ घानात अक्राच्या नीमा वस्तीत जाऊन राहिला, उत्तरेकडून आलेल्या फ्राफ्रा लोकांमध्ये, ज्यांची नोंद बेरोजगार किंवा अर्धबेरोजगार अशी व्हायची. त्याला दिसलं की ही माणसं दिवसभर राबतायत, एकाचे तीन धंदे करतायत, फक्त ते कुठल्या रकान्यात बसत नाहीत. त्याने 'अनौपचारिक' हा शब्द वापरला, १९७१ च्या एका परिषदेत मांडला, ७३ ला छापून आला, आणि मधल्या ७२ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केनियाच्या अहवालात तो घेतल्यावर जगभर गेला. म्हणजे अख्ख्या शब्दाचा जन्म माझ्या त्या फॉर्मसारख्याच फॉर्ममधून झालाय! सरांनी हे सांगितलं तेव्हा मला जरा बरं वाटलं, आपण एकट्याच गाढव नाही.

आणि जॅनिस पर्लमन ही अमेरिकन संशोधक, तिने ब्राझीलमधल्या रिओच्या झोपडपट्ट्यांत काम केलं, १९७६ चं पुस्तक आहे. तिचं म्हणणं मराठीत एका ओळीत सांगायचं तर ही माणसं कडेची नाहीत, कडेला ढकललेली आहेत. ढकलायला कोणीतरी लागतं ना, आणि ढकलणाऱ्याचा त्यात फायदा असतो. मावशीचं बघा. तिला काढून टाकलं तर होडीवाल्याचा ढीग कोण फोडणार? बर्फाचा कारखाना, टेम्पोवाला, खानावळ, सगळे तिला बांधलेले. खानावळीत स्वस्तात जेवणारा दुकानातला पोरगा, त्याला मालक कमी पगार देऊ शकतो कारण जेवण स्वस्त आहे, आणि जेवण स्वस्त आहे कारण मावशी अकरा वाजता खरेदीच्या भावात माल सोडते. म्हणजे तिच्या उन्हाचा पैसा कुठे जातो ते बघा. पक्क्या दुकानाच्या नफ्यात जातो. समाजशास्त्रवाले 'सीमांत' म्हणायला तयार नसतात ते या कारणाने, गरिबांचा कळवळा वगैरे म्हणून नाही. दोर तुटलेला नाहीच, दोर आहे आणि तो एका बाजूने ओढला जातोय, मग बाहेरची कशी म्हणणार?

बरं, मान्य आहे, रस्ता अडतो. पाण्याचा वास येतो. ॲम्ब्युलन्सला जागा पाहिजे. मान्य.

आणि दुसऱ्या बाजूलाही एक मूर्खपणा चालतो, तोही सांगते. हल्ली यांना 'सूक्ष्म उद्योजक' म्हणायची फॅशन आलीये, पोस्टरवर हसऱ्या बाईचा फोटो. दक्षिण गुजरातेत वर्षानुवर्षं काम केलेले डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन तर औपचारिक आणि अनौपचारिक अशी दोन वेगळी क्षेत्रं असतात या कल्पनेवरच चिडलेले आहेत. आमच्या बीचवरचा कुल्फीवाला पोरगा घ्या. परप्रांतातून आलाय, गाडी त्याची नाही, कुल्फी त्याची नाही, भाव त्याच्या हातात नाही, एका कांडीमागे ठरलेले पैसे, आणि वितळली तर नुकसान त्याचं. नोंदीत तो 'स्वयंरोजगार'. अरे कसला स्वयं! तो मजूर आहे, फक्त मालकाला त्याला मजूर म्हणावं लागत नाही. मावशी आणि तो एकाच नाक्यावर बसतात, एकाच शब्दात मोजले जातात, आणि दोघांची गोष्ट पूर्ण वेगळी.

मावशीसुद्धा काय मजेत नाही. होड्या रिकाम्या आल्या की ती रोज हप्ता घेणाऱ्या सावकाराकडून पैसे उचलायची, हजार लिहायचे, हातात नऊशे, आणि रोज २० असे ५० दिवस. मी तेव्हा सरांबरोबर बसून हिशोब केला होता, वर्षाचं व्याज दीडशे टक्क्यांच्या वर जातं. ती म्हणाली, "पन तो दारात येतो गो, बँकेत मला कोन उभी करतो." पावसाळ्यात मासेमारीला बंदी, तेव्हा सुकट, सुके बांगडे, रानभाजी विकायची. हे सगळं 'काही नाही' या रकान्यात.

आता कालचं. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे. आधी सर्वेक्षण करा, ते पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवू नका, असं त्यात लिहिलंय. जप्त माल नाशवंत असेल तर मागणी केल्याच्या दिवशीच परत द्या, हेही आहे. चांगलं कलम आहे, कागदावर. मावशीची टोपली पावणेनऊला गेली. तिने रीतसर दंड भरला आणि टोपली परत मिळाली साडेचारला. म्हणजे त्याच दिवशी! कायदा पाळला गेला. ऑक्टोबरचं ऊन, बर्फ नाही, बांगडा. ज्याने कलम लिहिलं त्याने कधी कल्ला उचकटून बघितला नसेल, किंवा कोथिंबीर डोळ्यांसमोर असेल त्याच्या.

(सर्वेक्षण झालंय का, असं मी एका साहेबांना फोन करून विचारलं. "मॅडम, तुम्ही कोण?" एवढंच उत्तर आलं. असो.)

आत्ता संध्याकाळी तिच्याकडे जाऊन आले. साठी ओलांडलीये आता, पडवीत बसून बांगडे चिरून मीठ भरत होती. मला वाटलं रडत असेल, भाषण तयार करून गेले होते मनात, तिला काही गरजच नव्हती. मी म्हटलं अर्धे मला दे, पूर्ण पैसे देते. तिने एक उचलून पोटाला बोट लावलं, खड्डा राहिला. "नको गो आज. वयनीला खाज सुटंल." म्हणजे सगळं भांडवल नासलेलं असतानाही घरी चालत आलेलं गिऱ्हाईक तिने परत पाठवलं.

वही बाजूला पडली होती, चाळली. आईचे ३४० बाकी आहेत (आई, उद्या देते मी). आणि दोन पानं पुढे आमच्या कॉलनीतलं एक घर, टाळ्यांच्या त्या तीन हातांपैकी एक, ७६०. मी म्हटलं मावशी, टाकू का ग्रुपवर फोटो?

वही माझ्या हातातून काढून घेतली तिने. "गप ऱ्हा. गिराईक हाय माझं."