घर की सोनं? आधी भाडं मोजा

"सोनं नुसतं तिजोरीत पडून राहतं, एक पैसा कमावत नाही. त्यापेक्षा घर घ्या. आजोबांनी घेतलेलं घर आज शंभर पट झालंय. घराची किंमत कधी उतरत नाही, वर भाडं मिळतं, आणि अडचण आलीच तर केव्हाही विकता येतं."

असा एक संदेश फिरत असतो. त्यातला शंभर पट हा आकडा डोळे दिपवतो, कारण त्याच्यासोबत वर्षं सांगितलेली नसतात. ६० वर्षांत शंभर पट म्हणजे वर्षाला साधारण ८ टक्के चक्रवाढ. त्याच ६० वर्षांत महागाईही चक्रवाढीनेच चढलेली असते. ती वजा केली की खरी वाढ बरीच लहान उरते. ॲमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्याकाठची घरं त्या शहरातल्या उत्तम घरांपैकी. तिथल्या १६२८ ते १९७३ या काळातल्या खरेदी-विक्रीच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा महागाई वजा जाता एवढ्या साडेतीनशे वर्षांत किमती जेमतेम दुप्पट झालेल्या दिसल्या. शिवाय आपल्या कानावर येतात त्या वाढलेल्या घरांच्याच गोष्टी. ज्या गावातून उद्योग गेला, वस्ती उठली, तिथल्या आजोबांचं घर कुणी उदाहरणाला घेत नाही.

सोन्याची भलामण करणारेही हीच चलाखी करतात, हे सांगायलाच हवं. ते मोजणी १९७१ पासून सुरू करतात. तोवर सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलरवर बांधून ठेवलेला होता. तो बांध सुटल्यानंतरची उसळी धरली की कोणतीही तुलना सोन्याच्याच बाजूने झुकते.

भाड्याचा मुद्दा मात्र त्या संदेशात 'वर' म्हणून आला आहे, तिथेच सगळी गफलत आहे. भाडं हा घराच्या परताव्याचा वरकड भाग नाही. १६ विकसित देशांचा १८७० ते २०१५ या काळातला एक मोठा अभ्यास आहे. त्यात घरांचा महागाई वजा जाता परतावा वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि त्यातला सुमारे अर्धा भाड्यातून आलेला होता. म्हणजे घर बंद ठेवलं की अर्धा परतावा आपणच सोडून देतो. अनेक कुटुंबांची 'गुंतवणूक' म्हणून घेतलेली दुसरी घरं नेमकी अशीच वर्षानुवर्षं कुलूपबंद असतात. भाडेकरू नको, कटकट नको, किंमत तर वाढतेच आहे, हा त्यामागचा हिशोब.

तो हिशोब एकदा पूर्ण मांडून पाहू. १०० ला घेतलेलं घर २० वर्षांनी ४०० ला विकलं, असं धरा. चौपट, वरवर पाहता वर्षाला ७.२ टक्के. पण घेताना नोंदणी, मुद्रांक, वकील, दलाली यांत ८ गेले, म्हणजे खरी गुंतवणूक १०८. विकताना ३ टक्के गेले, हाती आले ३८८. मधल्या काळात कर, देखभाल, गळती, रंग, सामायिक खर्च मिळून दरवर्षी त्या-त्या वेळच्या किमतीच्या १ टक्का खर्च धरू. घर बंद असेल तर हे सगळं वजा जाता परतावा राहतो वर्षाला साधारण साडेपाच टक्के.

आता तेच घर भाड्याने दिलं. वर्षाचं भाडं किमतीच्या ३ टक्के, पण एक महिना घर रिकामं राहणार असं धरून ११ महिन्यांचंच मोजलं. परतावा जातो सुमारे ८.४ टक्क्यांवर. सोन्याचा भावही २० वर्षांत बरोबर चौपटच झाला असं समजा. वळं किंवा नाणं घेताना ३ टक्के जास्त दिले, विकताना २ टक्के कमी मिळाले, तर परतावा ६.९ टक्के. लॉकरचं भाडं द्यावं लागत असेल तर तेही यातून वजा करा.

टक्के तुमच्या ठिकाणी वेगळे असतील, भाड्यावर प्राप्तिकरही लागेल. ते आकडे घालून हिशोब पुन्हा करा. पण बहुतेक वेळा क्रम असाच लागेल: भाड्याचं घर पुढे, सोनं मध्ये, बंद घर मागे. भाडं किमतीच्या दीड टक्क्यावर आलं की पहिल्या दोघांमधलं अंतर जवळजवळ संपतं. म्हणून घर पाहताना 'किती वाढेल' याच्या आधी 'खर्च जाऊन वर्षाला किती टक्के भाडं उरेल' हे विचारावं. हा एकच आकडा आज मोजता येतो, बाकी सगळा अंदाज.

किंमत उतरण्याबद्दल. जपानमध्ये १९९१ च्या सुमारास शिखरावर पोचलेल्या जमिनीच्या किमती त्यानंतर दीड दशक घसरत राहिल्या. सोनं याहून शहाणं नाही. जानेवारी १९८० मध्ये ते ८५० डॉलरला पोचलं आणि तो भाव पुन्हा दिसायला २००८ उजाडलं, तेही महागाई न मोजता. फरक इतकाच की सोन्याची घसरण रोज छापून येते, घराची दिसत नाही. घराचा रोजचा भाव नसतो, मालक मागेल ती किंमत खरी धरली जाते. घसरण ओळखायची ती वेगळ्या खुणांवरून: जाहिरात महिनोन्‌महिने तशीच राहते, चौकश्या येतात पण बोली येत नाही, आणि आसपास प्रत्यक्ष नोंदलेले व्यवहार मागणीच्या किमतीपेक्षा बरेच खाली झालेले असतात.

राहिला 'केव्हाही' हा शब्द. घर विकायचं म्हणजे मालकीची साखळी सलग हवी, वारसांची नावं लागलेली हवीत, कर्ज असेल तर बोजा उतरवलेला हवा. मग खरेदीदाराची बँक स्वतःचं मूल्यांकन करणार, आणि ते ठरलेल्या किमतीपेक्षा कमी निघालं तर व्यवहार पुन्हा पहिल्या पायरीवर. एका भावाने सही नाकारली तरी सगळं अडतं. घाई आहे हे समोरच्याला कळलं की किंमत पडते, आणि दवाखान्याचं बिल भागवायला स्वयंपाकघर तेवढं वेगळं विकता येत नाही. सोनं हवं तेवढंच मोडता येतं. वजन आणि कस तपासला की त्याच दिवशी पैसे मिळू शकतात, आणि वाटणी ग्रॅममध्ये होते.

ही सोय दागिन्याला पूर्ण लागू होत नाही, हे घरोघरी विसरलं जातं. घडणावळ परत मिळत नाही, खडे वजनातून वजा होतात, आणि २२ कॅरेटच्या दागिन्यात सोनं ९१.६ टक्केच असतं. घडणावळ १५ टक्के दिली असेल तर वरच्या हिशोबात १०३ ऐवजी ११५ धरा, परतावा ६.३ टक्क्यांवर येतो. दागिना अंगावर घालण्याचा आनंद त्या फरकात मिळतो, पण त्याला बचत म्हणू नये. आणि अडीअडचणीसाठीचं सोनं असेल, तर ते शुद्धतेचा शिक्का असलेलं वळं किंवा नाणं असावं आणि त्याची पावती घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असावी.

ज्यांच्याकडे भाड्याने दिलेलं एक घर आहे आणि हाताशी काहीच नाही, त्यांनी दुसरं घर घेण्याआधी वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम सहज मोडता येईल अशा रूपात ठेवावी, असं माझं मत आहे. तिच्यातला काही भाग सोन्यात ठेवायला हरकत नाही. आणि ज्यांचं दुसरं घर आज कुलपात आहे, त्यांनी भाडेकरूची कटकट वर्षाला तीन टक्क्यांइतकी मोठी आहे का, हे कागदावर मांडून पाहावं.