कुळ, खंड आणि माझं पोट

काल टायपिंग सेंटरवाल्या काकांनी माझं इंग्रजी सुधारलं आणि सुधारण्याचे वर तीस रुपये लावले. भाच्याच्या व्हिसासाठी सासऱ्यांच्या सातबाऱ्याचं भाषांतर हवं होतं. घरात 'इंग्रजीवाला' मी, म्हणजे लग्नात आचाऱ्यावर लक्ष ठेवणारा असतो तसा, फुकटातला.

मेव्हण्याने मूळ उतारा न देता त्याचा फोटो धाडला होता. क्षेत्राच्या मथळ्यावर त्याचा स्वतःचा अंगठा. अंगठ्याखाली काय आहे ते '०.४०.५०' या आकड्यावरून ओळखलं: शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर. मथळा दिसत नसेल तर खालचा आकडा बोलतो. पण काकांना आकडे बघायची सवय नाही.

"हे 'असेसमेंट' काय घातलंय? कागदावर 'आकार' आहे. शेप लिहा."
"काका, खाली दोन रुपये पंधरा पैसे आहेत. जमिनीचा आकार रुपयांत कसा असेल?"
"सरकारी कागद आहे साहेब, त्यात काहीही असतं."

यावर मला खरंच उत्तर सुचलं नाही.

मग 'कुळ, खंड व इतर अधिकार' आलं. मी 'टेनंट, रेंट' केलं होतं. काकांनी 'क्लॅन, कॉन्टिनेन्ट' टाइप केलं. एकरभर जमिनीत अख्खा खंड मावला. शब्दकोशात दोन्ही अर्थ सापडतात, म्हणूनच पंचाईत. जमीन महसूल संहिता १९६६ची, ती इंग्रजीतही आहे आणि मराठीतही. दोन्ही शेजारी ठेवून कलम २९ बघितलं की 'भोगवटादार वर्ग-१' म्हणजे 'ऑक्युपंट, क्लास वन' हे तिथेच सापडतं. काकांनी मात्र सासऱ्यांना 'फर्स्ट क्लास एन्जॉयर' केलं. आयुष्यभर बैलामागे चाललेल्या माणसाला!

फेरफाराचं 'म्युटेशन' त्यांना कोरोनासारखं वाटलं, म्हणून 'चेंज-अप' झालं.

शेवटी पोटखराब. जमिनीच्या पोटातला लागवडीला अयोग्य तुकडा, खडक, नाला वगैरे. याला इंग्रजीत चपखल शब्द शोधत बसू नये. 'पोट-खराब' असंच रोमन लिपीत ठेवून कंसात 'अनकल्टिव्हेबल' लिहावं. मी तेच केलं होतं. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "स्टमक अपसेट लिहितो. व्हिसावाले डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतील, ते आधीच जोडा."

मागे रांगेतल्या बाई म्हणाल्या, "काका बरोबर सांगतायत, माझ्या पुतण्याचं असंच अडकलं होतं."

तासभर उभा राहून एकेक शब्द पूर्ववत करवून घेतला. पूर्ववत करण्याचे वेगळे वीस रुपये. घरी आल्यावर मेव्हण्याला फोन केला, तर म्हणतो, "भाऊजी, तो फोटो मागच्या वर्षीचा होता हो. नवा पाठवू का?"

पाठवला. यात दोन अंगठे आहेत.