हवा, स्वरतंतू आणि दहावीचा मुलगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : «लेख वाचला. मांडणी शाळकरी वाटली. स्वरतंतूंमध्ये स्नायू असतात आणि स्नायू मेंदूच्या आज्ञेने हलतात, हे दहावीचा मुलगाही सांगेल. फुफ्फुसातली हवा त्यांना हलवते असं लिहिणं ही वाचकांची दिशाभूल आहे. बर्नूलीचं नाव घेतलं की विज्ञान होत नाही. तोंडाचा भाग उरकून टाकलाय, आकृतीही धड नाही. लिहिण्याआधी थोडं वाचत जा.»

नमस्कार,

‘वाचत जा’ हा सल्ला मी एरवी आनंदाने घेते. पण तो देणाऱ्याने आपलं नाव तरी लिहावं, एवढी माझी अपेक्षा असते. चूक दाखवायला हरकत नाही. दाखवताना समोरच्याला बाकावर उभं करायलाच हवं का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता त्या दहावीच्या मुलाकडे वळू. तो सांगेल ते अर्धं बरोबर आहे. मेंदूच्या आज्ञेने दोन्ही स्वरतंतू मधोमध जवळ येतात, ताणले जातात किंवा सैल सोडले जातात. तिथे आज्ञेचं काम संपतं. त्यानंतर सेकंदाला शे-दोनशे वेळा जी उघडझाप होते, तिच्यातल्या एकेका फेरीसाठी वेगळी आज्ञा सुटत नाही. सुटली तरी उपयोग नाही. सेकंदाला दोनशे वेळा आखडून प्रत्येक वेळी पुन्हा सैल पडणं माणसाच्या स्नायूला जमत नाही. इतक्या भराभर आज्ञा आल्या की तो सैल पडायचंच सोडतो आणि आखडलेला राहतो. उंच पट्टीतली गायिका तर सेकंदाला हजारापर्यंत जाते.

तुमचं म्हणणं नवीन नाही, हेही सांगते. १९५० साली राउल युसाँ या फ्रेंच संशोधकाने हाच सिद्धान्त मांडला होता : दर कंपनाला मज्जातंतूचा एक ठोका. तो टिकला नाही. स्वरयंत्राकडे जाणारा डावा मज्जातंतू छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून वर येतो, उजवा त्याहून बराच आखूड असतो. ठोक्यागणिक कंपन होत असतं तर डावी बाजू कायम उशिरा पोहोचली असती. आणि १७४१ मध्येच आंत्वान फेरँने मृत प्राण्यांच्या काढलेल्या स्वरयंत्रात हवा फुंकून आवाज काढून दाखवला होता. तिथे आज्ञा द्यायला मेंदू कुठला? ‘तंतू’ हा घोळही त्याच्यापासूनचा. त्याला त्या तारा वाटल्या. प्रत्यक्षात त्या मऊ घड्या आहेत.

पुस्तकातलं पुरेसं नसेल तर माझ्या गळ्यातलं ऐका. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या डाव्या स्वरतंतूचा मज्जातंतू निकामी झाला. डावी घडी मधोमध येईना, फट राहिली आणि हवा वाया जाऊ लागली. आधी एका दमात तीसपर्यंत आकडे सहज म्हणायचे. आता सातव्या-आठव्या आकड्याला श्वास संपायचा. आवाज म्हणजे निव्वळ फुसफुस. काही महिन्यांनी डॉक्टरांनी त्या घडीत इंजेक्शनने भर घालून तिला मध्याकडे सरकवलं. आवाज परत आला. मज्जातंतू आला नाही, तो आजही तसाच आहे. नंतर स्ट्रोबोस्कोपच्या लुकलुकत्या प्रकाशात पडद्यावर पाहिलं तेव्हा दोन्ही घड्या लहरत होत्या, डावी जरा ढिली आणि मागे पडणारी, पण लहरत होती. ज्या घडीला आज्ञाच पोहोचत नाही ती कोण हलवत होतं? हे मी कुठे ‘वाचलेलं’ नाही.

बर्नूलीबद्दल एक किरकोळ गोष्ट मान्य करते. फटीतून हवा वेगाने गेली की दाब घटतो आणि घड्या ओढल्या जातात, एवढंच मी लिहिलं होतं. ते अपुरं आहे. ओढ उघडताना आणि मिटताना सारखीच राहिली तर जेवढं दिलं तेवढं परत घेतलं जातं, आणि कंपन विझतं. ते टिकतं कारण घडी एकदम उघडत नाही. खालची कड आधी उघडते, वरची मागून. मिटतानाही खालची आधी. त्यामुळे उघडताना फट वर निमुळती असते, आत दाब जास्त राहतो आणि घड्या बाहेर ढकलल्या जातात. मिटताना ती वर रुंद असते, दाब उतरतो आणि त्या सहज परततात. झोका ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेला दर वेळी हलका धक्का द्यावा, तसं हे आहे. म्हणून वरचं अस्तर ओलं आणि लवचीक असावं लागतं. सर्दीने घसा सुजला की लहर उठत नाही आणि बोलायला जास्त जोर लावावा लागतो. असो. वाक्य दुरुस्त केलंय. हवा हलवते, हे त्याने खोटं ठरत नाही. उलट कशी हलवते ते कळतं.

जोर म्हणजे तरी किती? नेहमीच्या बोलण्याला पाण्याच्या सहा ते आठ सेंटिमीटर उंचीएवढा दाब लागतो. ग्लासात स्ट्रॉ तेवढी बुडवून बुडबुडे काढा, तोच हा दाब. वाक्यभर तो जवळपास सारखा ठेवायचं काम बरगड्यांचे स्नायू करतात. भरलेली छाती आपणहून झपकन रिकामी होऊ बघते, तिला आधी ते धरून ठेवतात आणि शेवटी शेवटी पिळतात.

तोंडाचा भाग उरकला म्हणता, तर तोंडानेच सिद्ध करते. ‘ब’ म्हणायला ओठ मिटा आणि ओठ न उघडता तो घोष लांबवत राहा. नाकाने हवा सोडू नका. आधी घशात घुमेल, गाल फुगतील आणि क्षणात आवाज बंद पडेल. मेंदूची आज्ञा चालूच आहे, घड्या जवळच आहेत, मग बंद का पडला? कोंडलेल्या हवेने तोंडातला दाब फुफ्फुसाएवढा झाला. वर-खाली फरक उरला नाही, म्हणून वारा थांबला आणि त्याच्याबरोबर कंपन. आता ‘म’ म्हणा. ओठ तसेच मिटलेले, पण नाक उघडं. श्वास संपेपर्यंत चालेल. मग ‘ग’ धरून बघा. जीभ मागे टेकलेली असल्यामुळे फुगायला गाल मिळत नाहीत, जागा लहान, आणि आवाज ‘ब’पेक्षा लवकर विझतो. डच भाषेच्या मूळच्या शब्दांत ‘ब’ आणि ‘द’ आहेत पण आपल्यासारखा ‘ग’ नाही, त्याचं एक कारण अभ्यासक हेच देतात.

आकृती मी हाताने काढली होती आणि तशीच राहील. ‘शाळकरी’ शब्दावर वाद घालत नाही. शाळेतल्या मुलांना कळावं म्हणूनच लिहिलं होतं. ‘ब’चा प्रयोग करा आणि आवाज नेमका कुठे गेला ते लिहा. तेवढं नावानिशी लिहिलंत तर बरं.