‘कोणताही आयगेनव्हेक्टर घ्या’ म्हणे! कोणताही चालत नाही

> रिपीटेड आयगेनव्हॅल्यूची शॉर्टकट ट्रिक, सेव्ह करून ठेवा!
> १) आयगेनव्हॅल्यू रिपीट झाली की मॅट्रिक्स डायगोनलाइज होत नाही.
> २) मिळालेल्या आयगेनव्हेक्टरपैकी कोणताही एक v घ्या. (A − λI)w = v सोडवा, मग (A − λI)u = w सोडवा. चेन तयार. नेहमी चालतं.
> ३) डिफरन्शियल इक्वेशन असेल तर त्याच v ला t ने गुणा. दुसरं सोल्यूशन te^(λt)v.
> ४) P मध्ये कॉलम कोणत्याही क्रमाने लिहा, उत्तर तेच.

जॉर्डन फॉर्म काढायची ट्रिक सांगणारा हा फॉरवर्ड माझ्या भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर आला. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या मुद्द्याप्रमाणे गणित करायला बसली, ते सुटेना, आणि बिचारी अर्धी रात्र स्वतःच्या बेरीज-वजाबाकीतली चूक शोधत राहिली. तिची एकही चूक नव्हती. ज्या समीकरणाला उत्तरच नाही ते सोडवायला तिला बसवलं होतं. ‘नेहमी चालतं’ असं बिनदिक्कत लिहिणाऱ्याने ३×३ चं एक गणित जरी शेवटपर्यंत करून बघितलं असतं, तरी हा मेसेज निघाला नसता.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. ज्या मॅट्रिक्सचे तिन्ही कर्णावरचे आकडे 2 आणि बाकीचे सगळे 1, त्याच्या आयगेनव्हॅल्यू 4, 1, 1. त्यात 1 दोनदा येते, तरी मॅट्रिक्स सिमेट्रिक असल्याने ते मजेत डायगोनलाइज होतं. एक मात्र मान्य करावं लागेल. संपूर्ण मॅट्रिक्सला एकच आयगेनव्हॅल्यू असेल, तर A हे मुळातच λI असल्याशिवाय ते डायगोनलाइज होत नाही, कारण P⁻¹AP = λI असेल तर A = λI हे लगेच निघतं. फॉरवर्डमध्ये ही अट लिहिलेली नाही.

आता दुसरा मुद्दा, ज्याने खरं नुकसान होतं. भाचीपुढे होतं त्याच धाटणीचं मॅट्रिक्स घेऊ:

```
A =  3   1   1
     1   3   1
    -2  -2   0
```

एकच आयगेनव्हॅल्यू, λ = 2, तीनदा. कर्णाची बेरीज 6, डिटरमिनंट 8, दोन्ही जुळतात. पुढे सगळीकडे A − 2I ला N म्हणते:

```
N =  1   1   1
     1   1   1
    -2  -2  -2
```

तिन्ही ओळी एकाच ओळीच्या पटीत आहेत, म्हणजे रँक 1. Nx = 0 चा अर्थ फक्त x₁ + x₂ + x₃ = 0 एवढाच. त्यातून कोणीही विद्यार्थी सवयीने दोन आयगेनव्हेक्टर काढेल: (−1, 1, 0) आणि (−1, 0, 1). दोन्ही बरोबर आहेत. तीन हवे होते, दोनच मिळाले, म्हणून मॅट्रिक्स डिफेक्टिव्ह.

आता ‘कोणताही एक’ घ्या. (−1, 1, 0) घेतला आणि Nw = v लिहिलं. w च्या तीन घटकांची बेरीज s म्हणू. पहिली ओळ सांगते s = −1, दुसरी सांगते s = 1. संपलं. बरं, मग दुसरा घ्या, (−1, 0, 1). पहिली ओळ म्हणते s = −1, दुसरी म्हणते s = 0. हाही गेला. हातात आलेले दोन्ही आयगेनव्हेक्टर निरुपयोगी, आणि भाचीची रात्र इथेच गेली.

असं का होतं ते N च्या कॉलमांकडे बघितलं की कळतं. w कोणताही घ्या, Nw हा N च्या कॉलमांच्या मिश्रणातूनच बनतो, आणि इथे तिन्ही कॉलम (1, 1, −2) हेच आहेत. म्हणजे Nw = v ला उत्तर हवं असेल तर v हा (1, 1, −2) च्या पटीतच असला पाहिजे. आयगेनव्हेक्टरचं एक अख्खं प्रतल आहे, पण त्यातल्या या एकाच रेषेवरून चेन सुरू होऊ शकते. ती रेषा आपल्या दोन आयगेनव्हेक्टरच्या मिश्रणातून मिळते: (−1, 1, 0) मधून (−1, 0, 1) ची दुप्पट वजा करा, (1, 1, −2) मिळतो. तो आयगेनव्हेक्टरच आहे, फक्त सवयीच्या पद्धतीने तो समोर येत नाही.

सरळ उपाय म्हणजे चेन वरून खाली बांधायची, म्हणजे आधी w घ्यायचा आणि त्याला N ने गुणून v काढायचा. आधी N² काढा. इथे N² = 0 आहे, म्हणून सगळ्यात लांब चेनची लांबी 2. मग जो N ने शून्य होत नाही असा कोणताही w घ्या, उदाहरणार्थ (1, 0, 0). इथे ‘कोणताही’ खरंच चालतो. Nw = (1, 1, −2), हाच v. समीकरण सोडवायचंच नाही, नुसता गुणाकार करायचा, त्यामुळे अडकायचा प्रश्न येत नाही. तिसरा व्हेक्टर म्हणून v शी स्वतंत्र असलेला एक आयगेनव्हेक्टर घ्या, (−1, 1, 0) चालेल, आणि ती त्याची स्वतःची एक लांबीची चेन. तपासणी एका ओळीत होते: A(1, 0, 0) = (3, 1, −2), आणि 2w + v सुद्धा (3, 1, −2).

परीक्षेत खालून वर जायलाच सांगितलं असेल तर v = a(−1, 1, 0) + b(−1, 0, 1) असा मोकळा ठेवा आणि समीकरण सुटण्याची अट लावा. b = −2a निघेल, म्हणजे पुन्हा (1, 1, −2).

फॉरवर्डमधला u तर इथे अस्तित्वातच नाही. N² = 0 असताना तीन लांबीची चेन येणार कुठून? किती चेन आणि केवढ्या, हे λ किती वेळा आली यावरून ठरत नाही. हॉफमन आणि कुन्झे यांच्या ‘लिनिअर अल्जिब्रा’चं सातवं प्रकरण उघडा. चेनची संख्या म्हणजे N च्या नल स्पेसची मिती, हे तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. आपल्या मॅट्रिक्सला ती मिती 2, म्हणून दोन चेन, आणि तीन व्हेक्टर दोन चेनमध्ये वाटायचे तर 2 आणि 1 हाच मार्ग. ४×४ मध्ये एवढ्याने भागत नाही. तिथे दोन चेन म्हणजे 2 + 2 किंवा 3 + 1, आणि दोन्हींत N ची रँक 2 च असते. N² ची रँक बघावी लागते: ती 0 असेल तर 2 + 2, 1 असेल तर 3 + 1. या 3 + 1 मध्ये आणखी एक खड्डा आहे. v बरोबर निवडला, w सुद्धा मिळाला, तरी त्या w मध्ये दुसऱ्या चेनचा आयगेनव्हेक्टर मिसळलेला असेल तर Nu = w सुटत नाही. पहिली पायरी पार पडल्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं आपण बरोबर चाललोय, आणि मग तो पुढे अडकतो. वरून खाली आलात तर हेही टळतं.

मग ही ट्रिक आली कुठून? २×२ मधून. तिथे ती खरी आहे, हे नाइलाजाने कबूल करते. डिफेक्टिव्ह २×२ मध्ये N शून्य नसतो पण N² शून्य असतो, त्यामुळे आयगेनव्हेक्टरची रेषा आणि N च्या कॉलमांची रेषा एकच असते. त्याहून मोठ्या मॅट्रिक्सलाही एकच आयगेनव्हॅल्यू आणि स्वतंत्र आयगेनव्हेक्टर एकच असेल, तर एकच चेन असते आणि खालून वर जाता येतं. पाठ्यपुस्तकातली बहुतेक सोपी उदाहरणं याच दोन प्रकारांतली असतात. तेवढ्यावरून ‘नेहमी’ लिहिणं हा बेजबाबदारपणा आहे.

तिसरा मुद्दा अर्धवट ऐकून लिहिलेला आहे. x′ = Ax मध्ये x = te^(2t)v घालून बघा. डावीकडे e^(2t)v + 2te^(2t)v येतं, उजवीकडे फक्त 2te^(2t)v. e^(2t)v शिल्लक राहतो आणि v शून्य नाही. तो शिल्लक भाग भरून काढायलाच w लागतो. बरोबर सोल्यूशन e^(2t)(w + tv), आपल्या उदाहरणात e^(2t)[(1, 0, 0) + t(1, 1, −2)]. N² = 0 असल्याने t² येतच नाही.

y″ − 4y′ + 4y = 0 मध्ये te^(2t) चालतं हे खरं आहे, आणि गोंधळ तिथूनच झालेला दिसतो. पण तिथेही (y, y′) असा व्हेक्टर लिहून बघा: y = te^(2t), y′ = e^(2t) + 2te^(2t), म्हणजे e^(2t)[(0, 1) + t(1, 2)]. तो (0, 1) हाच w. y चं एकटं समीकरण लिहिताना फक्त वरचा घटक दिसतो, आणि तिथे w चा शून्य आहे, म्हणून तो लक्षात येत नाही.

चौथ्याबद्दल थोडक्यात. अख्ख्या चेन मागेपुढे केल्या तर हरकत नाही, पण एका चेनच्या आतला क्रम मोडायचा नाही. v, w असा क्रम ठेवला तर जॉर्डन फॉर्ममधला 1 कर्णाच्या वर येतो. w, v लिहिलं तर खाली येतो. हॉफमन-कुन्झेमध्ये तो खालीच आहे, तेव्हा आपल्या कॉलेजात कोणती पद्धत चालते ते बघून घ्या. v आणि w च्या मध्ये तिसरा व्हेक्टर घुसवला तर येणारं मॅट्रिक्स जॉर्डन फॉर्म नसतं, आणि ‘उत्तर तेच’ म्हणून कोणी मार्क देणार नाही.

घरी उत्तर ताडून बघायचं असेल तर:

```python
from sympy import Matrix, eye
A = Matrix([[3,1,1],[1,3,1],[-2,-2,0]])
N = A - 2*eye(3)
print(N.rank(), (N**2).rank())   # 1 0
P, J = A.jordan_form()
print(P, J)
```

आकडे पूर्णांकच ठेवा, 3.0 लिहू नका. numpy.linalg.eig यासाठी वापरू नका. स्वतंत्र आयगेनव्हेक्टर दोनच असले तरी ते तीन कॉलम छापतं, आणि दशांशातल्या बारीक चुकीमुळे 2 च्या जागी सहसा 2 च्या अगदी जवळच्या वेगवेगळ्या संख्या दिसतात. ते बघून मॅट्रिक्स डायगोनलाइज झालं असं वाटतं. SymPy ने दिलेला P तुमच्या P पेक्षा वेगळा असू शकतो, कारण w निवडायला मोकळीक आहे. तुमच्या P ने A*P == P*J जुळत असेल आणि P चा डिटरमिनंट शून्य नसेल, तर तुमचं उत्तर बरोबर आहे. वरच्या आपल्या P चा, म्हणजे (1, 1, −2), (1, 0, 0), (−1, 1, 0) या कॉलमांचा, डिटरमिनंट −2 येतो.