वर्डच्या पानावर कोड राहायला येतो

वर्डच्या लेखी जगात दोनच प्रकारचा मजकूर असतो. एक सुशोभित झालेला आणि दुसरा अजून व्हायचा राहिलेला. निबंध, निविदा, निमंत्रण, राजीनामा, काहीही समोर आलं तरी तो बाह्या सरसावून सजवायला बसतो. बिचारा प्रोग्राम समोर आला तरी त्याला वाटतं, हाही एक निबंधच आहे, फक्त लिहिणाऱ्याला शुद्धलेखन अजिबात येत नाही.

आमच्या कचेरीत प्रशिक्षणाची पुस्तिका तयार करण्याचं काम माझ्याकडे असतं. प्रोग्राम लिहिणारी मंडळी वेगळी. ती एडिटरमधून कोड कॉपी करतात, माझ्या फाइलमध्ये पेस्ट करतात आणि पाठ फिरवतात. त्यांचा एडिटर काळ्या पार्श्वभूमीचा असेल, तर पेस्ट झालेला कोडही काळ्या पट्ट्या नेसूनच येतो. पुस्तिका छापायला गेली की प्रिंटरची शाई तिथेच संपते आणि जाब मला विचारला जातो.

काळा रंग निदान दिसतो तरी. खरी फजिती न दिसणाऱ्या गोष्टीनं होते, म्हणजे ओळीच्या आधीच्या मोकळ्या जागेनं. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे, हे त्या मोकळ्या जागेवरच ठरतं. पुस्तिकेत सरासरी काढणारं हे साधं फंक्शन होतं:

```python
def average(marks):
    total = 0
    for m in marks:
        total += m
    return total / len(marks)
```

माझ्या फाइलमध्ये ते कुठल्याशा वेबपानावरून पेस्ट होऊन आलं आणि वाटेत सगळ्या ओळींच्या आधीची जागा गळून गेली. पाचही ओळी भिंतीला पाठ लावून एका रेषेत उभ्या. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, कारण असा कोड चालवायला गेलं की पायथॉन लगेच `IndentationError` म्हणून ओरडतो. पण आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना नीटनेटकेपणाची भारी आवड. त्यांनी फाइल उघडली, ओळी पाहून हळहळले आणि स्पेसबारवर अंगठा ठेवून नजरेच्या अंदाजानं सगळ्या आत ढकलल्या. शेवटच्या दोन ओळी त्यांना एकाखाली एक छान दिसल्या, म्हणून `return` थेट `total` च्या खाली बसवलं.

आता हा प्रोग्राम कुठेही अडखळत नाही. मुकाट चालतो आणि मुकाट चुकतो. `[60, 70, 80]` या गुणांची सरासरी ७० यायला हवी. पण `return` आता `for` च्या पोटात शिरलेलं, त्यामुळे पहिला आकडा मिळवला की फंक्शन गाशा गुंडाळतं. ६० भागिले ३, उत्तर २०. प्रशिक्षणार्थींनी पुस्तिकेत पाहून प्रोग्राम टाइप केला, सगळ्यांचं उत्तर २० आलं आणि सगळ्यांचं सारखंच आल्यामुळे ते बरोबर आहे असं वर्गात एकमतानं ठरलं.

प्रोग्राम लिहिणारा मुलगा माझ्या टेबलाशी आला. "ताई, तुम्ही माझ्या फंक्शनला काय केलंत?"

"मी काही केलं नाही. वर्डनं केलं, मग सरांनी केलं."

"पण ओळी आत-बाहेर झाल्यात हे दिसत कसं नाही कुणाला?"

प्रश्न वाजवी होता, म्हणून मी पट्टी काढली. पुस्तिकेचा फॉन्ट कॅलिब्री, अकरा पॉइंट. या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. `m` ऐसपैस बसतो, `i` अंग चोरून उभा राहतो आणि स्पेसच्या वाट्याला तर फारच थोडी जागा येते. चार स्पेस मिळून जेमतेम साडेतीन मिलिमीटर. त्याच आकाराच्या कन्सोलास फॉन्टमध्ये चार स्पेस साडेआठ मिलिमीटर घेतात, कारण तिथे `i`, `m` आणि स्पेस सगळ्यांना सारखीच खोली मिळते. अशा समान रुंदीच्या, म्हणजे मोनोस्पेस्ड, फॉन्टमध्ये एक पायरी आत आणि दोन पायऱ्या आत हा फरक चष्मा न लावताही कळतो. कॅलिब्रीत तो कळायला पट्टी लागते.

"मग फॉन्ट बदला की," असं म्हणून तो गेला. फॉन्ट बदलला की झालं, हा प्रोग्रामरांचा लाडका गैरसमज आहे.

मी बदलून पाहिला. अक्षरं शिस्तीत आली, बाकी सगळा कारभार निबंधाचाच राहिला. प्रत्येक ओळीनंतर आठ पॉइंटांची फट होती, कारण वर्डच्या नेहमीच्या `Normal` स्टाइलमध्ये परिच्छेदामागे तेवढी जागा सोडलेली असते आणि कोडची प्रत्येक ओळ म्हणजे त्याला नवा परिच्छेद. पाच ओळींचं फंक्शन पाच कडव्यांच्या कवितेसारखं दिसायला लागलं. त्यातून आमच्या पुस्तिकेचा मजकूर दोन्हीकडून सरळ कापलेला, जस्टिफाय केलेला. ज्या ओळींच्या शेवटी साधा एंटर नसून शिफ्ट-एंटरची खूण होती, त्या ओळी वर्डनं उजव्या समासापर्यंत ताणल्या. `total = 0` मधला `total` एका टोकाला आणि शून्य दुसऱ्या टोकाला, मध्ये बरोबरचं चिन्ह एकटंच. शिवाय `len` च्या खाली लाल नागमोडी रेघ होतीच.

अशा वेळी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ ही बटणं एकत्र दाबावीत. पानावरचं सगळं अदृश्य बिऱ्हाड उघडं पडतं. साधी स्पेस ठिपक्यासारखी दिसते, टॅब बाणासारखा, शिफ्ट-एंटर वळलेल्या बाणासारखा. आणि कधीकधी ठिपक्याऐवजी अंशाच्या खुणेसारखं बारीक वर्तुळ दिसतं. ते पाहिलं की सावध व्हावं. ती न तुटणारी स्पेस असते. डोळ्यांना ती स्पेसच वाटते, पण वर्डमधून परत एडिटरमध्ये नेली की पायथॉन `U+00A0` असं तिचं नाव घेऊन कोड नाकारतो. तिला हाकलायचं तर शोधा-बदला या खिडकीत `^s` शोधून त्याजागी साधी स्पेस टाकायची. त्याच खिडकीत `^l` म्हणजे शिफ्ट-एंटर आणि `^p` म्हणजे खरा एंटर. टॅब `^t` नं सापडतो आणि त्याजागी चार स्पेस घालाव्यात, कारण वर्डचा टॅब मुळात अर्ध्या इंचाचा असतो. एडिटरमधला टॅब किती स्पेसचा होता याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

ही सफाई केली, पण पुस्तिकेत असे तुकडे ढीगभर. प्रत्येकाला फॉन्ट, फट, समास वेगवेगळं लावत बसायचं म्हणजे निवृत्तीपर्यंतची सोय झाली. म्हणून कोडसाठी वेगळी स्टाइलच केली. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि `S` दाबलं की स्टाइलची पट्टी उघडते. तिथे `New Style` निवडून नाव दिलं `Code` आणि प्रकार ठेवला `Paragraph`. ती कशावर आधारायची या रकान्यात `Normal` सोडून `(no style)` घेतलं. ही सावधगिरी फुकटची नाही. पुढे कुणा वरिष्ठांना सगळा मजकूर बारा पॉइंट आणि जस्टिफाय करावासा वाटला, तर ते `Normal` बदलतात आणि त्याच्या आश्रयाला असलेल्या सगळ्या स्टाइल निमूटपणे मागोमाग जातात. आमचा कोड तेवढा स्वतंत्र झाला. फॉन्ट कन्सोलास, मांडणी डावीकडून, आधीची आणि नंतरची फट शून्य, ओळींमधलं अंतर `Single`. मग `Format` मधून `Language` उघडून `Do not check spelling or grammar` वर टिचकी मारली. लाल नागमोडी रेघा गेल्या आणि पान एकदम वयात आल्यासारखं दिसायला लागलं.

आकार मात्र विचार करून ठरवावा लागला. पायथॉनवाले लोक एका ओळीत ७९ अक्षरांपेक्षा जास्त लिहू नये असा नियम मानतात, निदान मानतात असं म्हणतात. ए-फोर कागदाला चारी बाजूंनी एक इंच समास सोडला, तर अकरा पॉइंटच्या कन्सोलासची ७४ अक्षरं एका ओळीत मावतात. म्हणजे नियम पाळून लिहिलेल्या लांब ओळीही शेवटच्या पाच अक्षरांसाठी खाली कोसळणार आणि तो तुटलेला तुकडा थेट डाव्या समासाला जाऊन चिकटणार, जणू नवीच आज्ञा. दहा पॉइंटला ८२ अक्षरं मावतात. एका पॉइंटनं प्रश्न मिटला.

तरी नियम न पाळणारे असतातच. त्यांच्यासाठी परिच्छेदाच्या खिडकीत `Hanging` निवडून दोन सेंटिमीटर दिले. आता ओळ तुटलीच, तर तिचा खालचा भाग दोन सेंटिमीटर आत लटकतो आणि ही वरचीच ओळ आहे हे वाचणाऱ्याला कळतं. फार खोल आत असलेल्या ओळींना हे पुरत नाही. तिथे मूळ कोडमध्येच कंसाच्या आत ओळ तोडून आणायला सांगते. मुलगा कुरकुरतो, पण तोडतो.

आता क्रम असा ठरलाय. पेस्ट करताना `Keep Text Only` घ्यायचं, म्हणजे रंग आणि काळ्या पट्ट्या दारातच राहतात. मग तुकडा निवडून `Code` लावायचं. दुरुस्ती लागली तर ती एडिटरमध्ये करायची, वर्डमध्ये टाइप करायचं नाही. वर्डमध्ये टाइप केलं की सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, दोन उणे चिन्हं मिळून एक लांब रेघ होते आणि पायथॉनला दोन्ही ओळखता येत नाहीत. शेवटी छपाईआधी प्रत्येक तुकडा वर्डमधून उलटा कॉपी करून एडिटरमध्ये चालवायचा. फंक्शन ७० म्हणालं तर पान पुढे जातं, २० म्हणालं तर मी सरांच्या केबिनकडे जाते.

सरांना ती स्टाइल फार आवडली आहे. परवा त्यांनी बैठकीचं इतिवृत्त पाठवलं, सगळं `Code` मध्ये. का, असं विचारलं तर म्हणाले, "यात लाल रेघा येत नाहीत."